डेंग्यूत ताप उतरला आणि अंगावर पुरळ आलं? या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत नागपूरकर रोगराई शहराबाहेर घालवतात, आणि साधारण त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात तापाचे पेशंट वाढायला लागतात. बऱ्याच घरांत कूलर अजून खिडकीतच असतो आणि टाकीच्या तळाला चार बोटं पाणी साचलेलं असतं. डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. मग दिवाळीपर्यंत रोज कोणीतरी बाही वर करून हात पुढे करतं आणि विचारतं, "डॉक्टर, हे पुरळ बघा जी, काही धोका तर नाही ना?"

पुरळ दिसतं, म्हणून त्याची भीती वाटते. डेंग्यूत जीवाला धोका होतो तो मात्र कातडीवर दिसत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत झिरपतं, उरलेलं रक्त घट्ट होतं आणि दाब टिकत नाही. बहुतेकांना हा त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना ताप उतरण्याच्या सुमारास होतो. ताप सुरू झाल्यापासून तिसरा ते सातवा दिवस हा तो काळ, आणि त्यातले २४ ते ४८ तास खरे नाजूक. पुरळही पुष्कळदा याच दिवसांत उठतं. लोकांची गल्लत इथेच होते.

"अंगावर निघालं, म्हणजे ताप बाहेर पडला"

ही समजूत मी सगळ्यात जास्त ऐकतो. गोवर-कांजिण्यांच्या काळापासून ती घराघरांत आहे, आणि डेंग्यूत ती घात करते. एका मुलाची गोष्ट सांगतो.

नववीतला मुलगा, वजन ४२ किलो. रविवारी संध्याकाळी अचानक १०३ ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, चेहरा आणि छाती लालबुंद. मंगळवारी रक्त तपासलं. डेंग्यूची एनएस-वन तपासणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख ४५ हजार, रक्ताचा घट्टपणा सांगणारं हिमॅटोक्रिट ३८. जेवण कमी होतं, पण तो पीत होता, लघवीला जात होता. पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, असं सांगून घरी पाठवला. रोज दाखवायला आणा, हेही सांगितलं होतं.

बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारी पहाटे ताप उतरला आणि हातापायांवर बारीक लाल पुरळ उठलं. आईला हायसं वाटलं. तिने कॅलामाइन लावलं, मुलगा झोपला. सकाळी पोट दुखतंय म्हणाला, ते उपाशीपणाचं वाटलं. दुपारपर्यंत तीन उलट्या झाल्या. आत्याने फोनवर विचारलं, "लघवी कधी केली त्याने?" तेव्हा आठवलं, काल रात्रीनंतर केलीच नव्हती. तशी आई त्याला घेऊन निघाली.

दवाखान्यात तो स्वतःच्या पायांनी चालत आला, नाव-वर्ग नीट सांगितलं. पण हात थंडगार होते. नाडी १२४. रक्तदाब १००/८२. वरचा आकडा बघून कोणीही 'बीपी ठीक आहे' म्हणेल. मी दोन आकड्यांमधलं अंतर बघतो. एरवी ते चाळिसाच्या आसपास असतं, इथे फक्त १८ उरलं होतं. वीस किंवा त्याखालचं अंतर, जोडीला थंड हात आणि जलद नाडी, याचा अर्थ शरीर शॉकमध्ये शिरलंय आणि रक्तवाहिन्या आवळून कसाबसा दाब धरून ठेवतंय. ही शिकस्त संपली की बीपी एकदम कोसळतो. हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६ वर गेलं होतं.

त्याला लगेच भरती केलं. तासाचा हिशेब ठेवून सलाईन, दर थोड्या वेळाने नाडी, बीपी आणि लघवीचं मोजमाप. शुक्रवारी सकाळी हात गरम झाले, लघवी सुटली, पोटदुखी गेली. तेव्हा प्लेटलेट्स ३८ हजार होत्या, म्हणजे गुरुवारच्या ४२ हजारांपेक्षाही कमी. मुलगा मात्र सावरला होता.

फक्त 'पेशी' मोजत बसणं

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेशी किती आल्या?" काही जण तर 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या वेगळ्या असतात. डेंग्यूत प्लेटलेट्स कमी होतातच, आणि माणूस बरा व्हायला लागल्यावर त्या आपणहून चढतात. रक्तस्राव नसेल तर त्या अगदीच तळाला, दहा हजारांच्या आसपास जाईपर्यंत सहसा बाहेरून चढवाव्या लागत नाहीत. चढवायच्या की नाही ते भरती केलेले डॉक्टर ठरवतील, त्यासाठी रात्रभर धावपळ करून दबाव आणू नका.

रिपोर्टवर तुम्ही बघायची ओळ दुसरी आहे. तिच्यापुढे हिमॅटोक्रिट, एचसीटी किंवा पीसीव्ही असं छापलेलं असतं. रक्त किती घट्ट आहे ते ती सांगते. एका आकड्यावरून फारसं कळत नाही, पहिल्या रिपोर्टशी ताडून बघावं लागतं. म्हणून तापाच्या पहिल्या तीन दिवसांतला रिपोर्ट जपून ठेवा आणि दर वेळी सोबत आणा. त्या मुलाचा मंगळवारचा ३८ चा आकडा हाताशी नसता तर ४६ बघून मला तितकंसं कळलं नसतं. प्लेटलेट्स भराभर उतरताहेत आणि हिमॅटोक्रिट चढतंय, ही जोडी दिसली की घरी थांबू नका.

पुरळावर औषधांचा मारा

पुरळ आलं की औषधाची रिअॅक्शन समजून लोक पॅरासिटामॉल बंद करतात, आणि अंगदुखीसाठी घरात पडलेली दुसरी गोळी देतात. ती बहुधा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अॅसिड किंवा अॅस्पिरिन असते. या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि रक्तस्राव वाढवतात. डेंग्यूची शंका असेल तर यातली एकही नको. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉलही मोजूनच, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. डेंग्यूत यकृत आधीच सुजलेलं असतं. खरी रिअॅक्शन सहसा वेगळी दिसते: फुगीर, खाजऱ्या, जागा बदलणाऱ्या गांधी उठतात. ओठ सुजले किंवा दम लागला तर ते तातडीचं काम, तेव्हा थेट दवाखाना.

खाजेसाठी झोप आणणारी अॅलर्जीची गोळी या नाजूक दिवसांत मी देत नाही. कारण सुस्ती हेच डेंग्यूचं धोक्याचं लक्षण आहे. गोळीने आलेली झोप आणि मेंदूला रक्त कमी पोहोचल्याने आलेली गुंगी घरच्यांना वेगळी ओळखता येत नाही. कंबरेत घ्यायचं 'ताकदीचं' इंजेक्शन आणि स्टिरॉइडही टाळा. प्लेटलेट्स कमी असताना सुई टोचलेल्या जागी स्नायूत रक्त साकळतं, आणि स्टिरॉइडचा डेंग्यूत फायदा नाही. पपईच्या पानांच्या रसाने मळमळ होऊ शकते. मग उलटी रसाने झाली की आजाराने, हे आम्हालाही सांगता येत नाही. बीट आणि डाळिंबाचा रसही त्या आठवड्यात बाजूला ठेवा, लाल उलटी बघून गोंधळ उडतो.

मग बघायचं काय?

ताप उतरल्यापासून दोन दिवस घरातल्या एकाने एवढंच काम करायचं: लघवीची वेळ कागदावर लिहायची. सहा तास लघवी नसेल तर दवाखान्यात निघायचं. दर दोन-तीन तासांनी हात-पाय चाचपायचे. थंड, ओलसर वाटले तर बोट हृदयाच्या उंचीवर धरून नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं, नाही झालं तर निघायचं.

याशिवाय सतत पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त रक्त, दम लागणं, उठल्यावर चक्कर, किंवा माणूस एकदम गप्प वा चिडचिडा होणं. यातलं एक जरी दिसलं तरी पुरळ, ताप, पेशी काहीही असो, निघायचं. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे अपघात विभाग रात्रभर उघडे असतात, सकाळची वाट बघू नका. गरोदर बाई, तान्हं बाळ, वयस्क माणूस किंवा मधुमेही असेल तर या लक्षणांसाठीही थांबू नका, डेंग्यू कळल्याच दिवशी दाखवा. पिण्यात नुसतं पाणी नको. ओआरएस, ताक, वरणाचं पाणी, शहाळं थोडं थोडं देत राहा.

पुरळाची एक तपासणी मात्र घरी करा. पारदर्शक काचेचा ग्लास त्यावर दाबा. साधी लाली दाबाखाली फिकी पडते. न फिकटणारे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे त्वचेखाली साचलेलं रक्त. ते त्याच दिवशी दाखवा. जांभळे डाग तासातासाला पसरत असतील, मान आखडली असेल तर तो वेगळा आणि जास्त घाईचा आजार असू शकतो.

प्रत्येक पुरळ डेंग्यूचं समजणं

विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसची साथ आली होती, आणि पावसाळ्यानंतर तो इथे अजूनही आढळतो. झुडपांत, गवतात राहणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो. यातही ताप असतो, कधी पुरळ असतं, कधी नसतं. ओळख पटवणारी खूण असते चावल्याच्या जागी: विडीच्या चटक्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडं. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. काख, जांघ, कंबरेचा नाडा, स्तनाखाली, कानामागे, अशा झाकलेल्या जागी ती शोधावी लागते. डेंग्यूचा ताप सहसा आठवड्याच्या आत उतरतो. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आहे आणि ताप पाच-सहा दिवसांनंतरही तसाच आहे, तर खपली शोधा आणि डॉक्टरांना शेतात, झाडीत गेला होतात का ते आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखं योग्य औषध वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि किडनी धरली जाते.

त्या मुलाला रविवारी घरी सोडलं. सोमवारी सकाळी आईचा घाबरा फोन आला. मांड्या-पोटऱ्या पूर्ण लाल झाल्या होत्या, मधेमधे पांढरी गोल बेटं, तळहात-तळपाय भयंकर खाजत होते. पहिल्या पुरळापेक्षा हे कितीतरी भडक दिसत होतं. मी विचारलं, लघवी? "सकाळपासून दोनदा झाली जी." पोट? "दुखत नाही. पोहे मागतो आहे." हे बरं होतानाचं पुरळ. आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातं, कधी कातडी सोलते. आता कॅलामाइन लावायला हरकत नाही म्हणालो, आणि पोहे द्या म्हणालो.