काचेच्या छताखालचं झाड: सावलीच्या कडा आधी बघा

Blender मध्ये एट्रियमचा सीन करताना झाड लहान वाटलं की आपण सरळ स्केल दुप्पट करतो. तिथेच घोळ होतो, कारण पानंही दुप्पट होतात. फायकस बेंजामिनाचं पान साधारण 8 सेंमी लांब असतं. ते 16 सेंमीचं झालं की झाडाखालचा बाकही खेळण्यातला दिसू लागतो. म्हणून झाड मोठं करायचंच असेल तर पानांचा आकार वेगळा कमी करा.

मग सावली. Sun लाइटचा Angle 0.53° ठेवा, आकाशात सूर्य तेवढाच दिसतो. या कोनामुळे प्रकाशाच्या वाटेवर दर मीटरला सावलीची कड जवळपास 1 सेंमी पसरते. पान फरशीपासून 6 मीटरवर असेल तर कड साडेपाच सेंमी धूसर होते, म्हणजे चारेक सेंमी रुंदीच्या पानाचा आकार उरतच नाही, फरशीवर नुसते मऊ कवडसे पडतात. बुंध्याजवळच्या खालच्या पानांची सावली मात्र रेखीव हवी. सगळीकडे सारखीच धारदार सावली दिसली, तर Angle शून्यावर राहिलाय समजा.

वाफ्यातली माती काठोकाठ भरू नका. चार-पाच सेंमी खाली ठेवा, बुंध्याशी थोडी उंच, आणि वर पाचसहा वाळकी पानं, त्याच झाडाची.