नफ्याची टक्केवारी तपासताय? मग आधी या चुका टाळा

ताळेबंदाच्या फायलीत ‘जीपी १६ टक्के’, म्हणजे ढोबळ नफा विक्रीच्या १६ टक्के, असं लिहिलेलं दिसलं की बरीच मंडळी लगेच कारणं शोधायला लागतात. माल महाग पडला, मजुरी वाढली, स्पर्धा वाढली. तो आकडा मुळात खरा आहे का, हे बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण ती दहा मिनिटं कुणाकडे नसतात. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघून कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

समोर एक आकडेवारी ठेवू. मसाले आणि मिरची पूड बनवणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ च्या नमुन्यात तिचं नफा-तोटा पत्रक असं दिसतं (आकडे लाख रुपयांत):

| ओळ | रक्कम |
|---|---|
| व्यवसायातून उत्पन्न (विक्री) | २००.०० |
| इतर उत्पन्न (एफडीचं व्याज) | ३.०० |
| वापरलेला कच्चा माल | १३४.०० |
| तयार मालाच्या साठ्यातील बदल | (४.००) |
| कर्मचारी खर्च | २१.०० |
| व्याज | ५.०० |
| घसारा | ४.०० |
| इतर खर्च | ३०.०० |
| करपूर्व नफा | १३.०० |
| कर | ३.२७ |
| निव्वळ नफा | ९.७३ |

ढोबळ नफा नावाची ओळ यात नाही. शेड्यूल ३ च्या नमुन्यातच ती नाही. तो आपल्याला काढावा लागतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

कंस हा कचरा नव्हे

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

साठ्यातील बदलाची ओळ खर्चाच्या रकान्यात बसते. तयार माल वर्षाच्या सुरुवातीला ८ लाखांचा होता आणि शेवटी १२ लाखांचा झाला, म्हणजे यंदा बनवलेल्यापैकी ४ लाखांचा माल अजून गोदामातच पडून आहे. त्याचा खर्च यंदाच्या विक्रीवर टाकता येत नाही, म्हणून तो खर्चातून वजा होतो आणि कंसात छापला जातो. साठा घटला तर तीच ओळ बिनकंसाची असते आणि खर्चात मिळवली जाते. म्हणजे एकाच ओळीचं चिन्ह एका वर्षी उणे आणि पुढच्या वर्षी अधिक असू शकतं. मागच्या वर्षीची शीट उघडून त्यात नवे आकडे भरणारे इथेच फसतात.

सांगलीकडच्या एका मसाला कारखान्याच्या कॅश क्रेडिटचं नूतनीकरण होतं. गोपनीयतेसाठी आकडे बदलले आहेत, वरचेच धरा. बँकेसाठी आकडे भरायचं काम हिशेबातल्या एका नव्या मुलाकडे होतं. त्याने पत्रक पीडीएफमधून एक्सेलमध्ये चिकटवलं. कंसाच्या मागे एक रिकामी जागा आल्यामुळे एक्सेलने ते उणे चार म्हणून वाचलंच नाही, मजकूर म्हणून ठेवलं. SUM मजकुराला मोजत नाही. साठ्याचा बदल शून्य धरला गेला आणि ढोबळ नफा ४० लाखांऐवजी ३६ लाख, म्हणजे २० टक्क्यांऐवजी १८ टक्के आला. हे ४० लाख कसे येतात ते पुढच्या भागात सांगतो. मुलाला संशय आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण उपाय काय केला, तर ‘आकडा नीट दिसत नाही’ म्हणून कंस पुसून टाकला. आता अधिक चार झाले. ढोबळ नफा ३२ लाख, १६ टक्के. खाली करपूर्व नफा १३ लाखच दिसत होता, कारण तो सूत्राने आलेला नव्हता, हाताने टाइप केलेला होता. वरून बेरीज केली असती तर खर्च १९० ऐवजी १९८ आला असता आणि नफा ५ लाखांवर उतरला असता. ती बेरीज कुणी केलीच नाही.

बँकेतल्या अधिकाऱ्याने विचारलं, गेल्या वर्षी साडेएकोणीस टक्के होतं, यंदा सोळा का? त्यावर मालकांनी खरेदी बघणाऱ्या माणसाला बोलावून बेडगी मिरची चढ्या भावाने उचलल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं. बँकेला तसं लेखी स्पष्टीकरणही गेलं. जो आकडा अस्तित्वातच नव्हता, त्याचं कारण सहीशिक्क्यानिशी फायलीत लागलं! फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी मिरचीचे भाव बघितलेच नाहीत. आधी फरक बघितला: ४० आणि ३२, म्हणजे आठ. साठ्यातला बदल चार. फरक बदलाच्या बरोबर दुप्पट आला की चिन्ह उलटं पडलेलं असतं. फरक बदलाइतकाच आला की ती ओळ बेरजेतच आलेली नसते. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या फायली बसल्या जागी सुटतात.

मजकूर बनलेले आकडे शोधायला मी हे वापरतो. उत्तर शून्य आलं पाहिजे:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(B3:B13))
```

आणि बेरजेचा कुठलाही आकडा हाताने टाइप करत नाही. छापील आकडा शेजारच्या रकान्यात ठेवतो, सूत्राचा आपल्या रकान्यात, आणि तिसऱ्यात दोन्हींची वजाबाकी. हा काही शास्त्रोक्त प्रकार नाही, सवय आहे.

याच ओळीची एक चुलत चूकही आहे. कच्च्या मालाच्या साठ्यातला फरक ‘वापरलेला कच्चा माल’ या आकड्यात आधीच धरलेला असतो. इथे सुरुवातीचा १४, खरेदी १३८, अखेरचा १८, म्हणून १३४. तो फरक पुन्हा वजा केलात तर ढोबळ नफा २२ टक्के दिसेल आणि मालक खूश होतील.

ढोबळ नफ्यात काय काय बसतं?

हा माझा दुसरा आवडता विषय. वरच्या पत्रकात २०० मधून फक्त १३४ आणि उणे ४ वजा केले तर ७० लाख उरतात, म्हणजे ३५ टक्के. मी म्हणतो २० टक्के. दोघांचंही गणित बरोबर आहे.

फरक आहे तो कारखान्याच्या खर्चाचा. कर्मचारी खर्चाच्या २१ लाखांत १२ लाख दळण-कांडपावरच्या मजुरांचे आहेत, उरलेले ९ ऑफिसचे. इतर खर्चाच्या ३० लाखांत वीज ६, आवक वाहतूक ४ आणि पॅकिंग ८, असा १८ लाखांचा थेट खर्च आहे. मजुरीचे १२ आणि हे १८ मिळून ३० लाख धरले की विकलेल्या मालाची किंमत १३० वरून १६० होते. शेड्यूल ३ मध्ये हे सगळं दोन मोठ्या ओळींत गुडूप झालेलं असतं, त्यामुळे पत्रकाच्या दर्शनी पानावरून खरा ढोबळ नफा निघतच नाही. मागच्या टिपांची पानं उघडावी लागतात. ज्यांना ती उघडायचा कंटाळा येतो, त्यांनी निदान त्या ३५ टक्क्यांना ढोबळ नफा म्हणू नये, ‘माल वजा जाता उरलेलं’ म्हणावं.

टॅलीत हीच गोष्ट खातं उघडताना ठरते. लेजर ‘Direct Expenses’ खाली गेलं तर ते जीपीच्या आधी वजा होतं, ‘Indirect Expenses’ खाली गेलं तर नंतर. समजा मजुरीचं लेजर कुणी घाईत इनडायरेक्टखाली उघडलं. जीपी २० वरून २६ टक्क्यांवर जाते. निव्वळ नफा मात्र जागचा हलत नाही, म्हणून वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. जीपी उडी मारते आणि निव्वळ नफा ढिम्म राहतो, तेव्हा धंदा सुधारला असं समजायच्या आधी लेजरचा गट बघा. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर दोन्ही वर्षांचे गट शेजारी शेजारी लावल्याशिवाय मी टक्केवारी काढत नाही, मग समोरचा कितीही घाई करू दे.

ऑपरेटिंग नफा म्हणजे नेमका कुठला?

ढोबळ ४० मधून ऑफिस पगार ९, बाकीचे इतर खर्च १२ आणि घसारा ४ गेले की १५ उरतात, साडेसात टक्के. घसारा न कापता तोच नफा १९ लाख, साडेनऊ टक्के. शेअर बाजाराच्या बातम्यांत बहुधा घसाऱ्याआधीचा आकडा असतो. कुठलाही घ्या, पण यंदा एक आणि गेल्या वर्षी दुसरा असं करू नका. एफडीचं व्याज यात घालू नका, ती मसाल्याची कमाई नाही. ते ३ लाख घातले की साडेसातचे ९ टक्के होतात आणि कारखाना उगाचच हुशार दिसायला लागतो.

जुळणी मी खालून वर करतो. निव्वळ ९.७३, त्यात कर ३.२७ मिळवला की १३. व्याज ५ मिळवलं, इतर उत्पन्न ३ काढलं की १५. वरून येणारे १५ आणि खालून येणारे १५ भेटले की मगच टक्केवारीला हात लावतो.

भागायचं कशाने?

तिन्ही टक्केवाऱ्या मी विक्रीनेच भागतो, एकूण उत्पन्नाने नाही. ९.७३ ला २०० ने भागलं तर ४.८७ टक्के, २०३ ने भागलं तर ४.७९. फरक छोटा, पण तुमचा आकडा छापील आकड्याशी इतक्यानेच चुकत असेल तर कारण बहुतेक हेच.

जीएसटीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मसाल्यांवर ५ टक्के धरला तर बिलांची बेरीज २१० होते. ती बेरीज विक्री म्हणून धरली आणि खरेदी करविरहित ठेवली, तर जीपी २३.८ टक्के दाखवते. ते वरचे दहा लाख सरकारचे आहेत.

बाकीच्या, एकेका ओळीत

खरेदीवर २५ टक्के चढवणं म्हणजे २५ टक्के जीपी नव्हे. १६० वर ४० चढवले की २०० वर २० टक्केच उरतात. हे समजावून सांगायचं मी आता सोडून दिलं आहे.

मालागणिक टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. मसाला ४० लाखांचा ३२ टक्क्यांनी, मिरची पूड १६० लाखांची १७ टक्क्यांनी: सरासरी साडेचोवीस दिसते, खरी २० आहे.

‘राउंडिंगचा फरक असेल’ हे वाक्य ऐकलं की मी रुपये मोजायला सांगतो. २०० लाखांवर ०.१ टक्का म्हणजे वीस हजार रुपये. दोन दशांश स्थळांच्या राउंडिंगमध्ये वीस हजार जात नाहीत.

शेड्यूल ३ मध्ये २०२१ पासून कंपन्यांना टिपांत निव्वळ नफ्याचं गुणोत्तर द्यावं लागतं, आणि ते २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही. हे २५ टक्के त्या गुणोत्तराचे, टक्केवारीतले २५ अंक नव्हेत. ४.८७ चं पुढच्या वर्षी ३.६ झालं तरी स्पष्टीकरण लिहावं लागतं. लिहिण्याआधी साठ्याच्या ओळीचा कंस तेवढा बघून घ्या.