नखे चमच्यासारखी खोलगट झाल्यास काय करावे

नख मऊ पडून मधोमध खोलगट झाले आणि कडा वर उचलल्या गेल्या, की शरीरात लोह कमी झाल्याची शंका घ्यावी. हात आडवा धरून नखावर पाण्याचा एक थेंब ठेवावा; तो न ओघळता खळग्यात टिकला, तर नखाला चमच्याचा आकार आला आहे. सतत साबणाच्या पाण्यात हात असणाऱ्यांची नखेही अशी होऊ शकतात, म्हणून निदान रक्तावरूनच करावे.

त्यासाठी रक्तपेशींची मोजणी करणारी सीबीसी आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी सीरम फेरिटिन या दोन्ही तपासण्या एकत्र कराव्यात. नुसते हिमोग्लोबिन पाहून लोहाची गोळी सुरू करण्याची पद्धत मला धोक्याची वाटते, आणि त्याचे कारण एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, कळव्यातील एका ३८ वर्षांच्या गृहिणीचे हिमोग्लोबिन ९.२, तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ६८ आणि फेरिटिन ६ आले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ आणि एमसीव्ही सुमारे ८० असावा. फेरिटिन १५ च्या खाली असल्यास लोहाचा साठा संपला, असे निश्चित मानतात. मात्र एमसीव्ही तेवढाच कमी असून फेरिटिन ६० आले असते, तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाचा विचार करून एचबीएटू हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे, ते तपासावे लागले असते. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्या समाजात हा दोष अधिक आढळतो. तापात किंवा जंतुसंसर्गात फेरिटिन खोटे वाढते, त्यामुळे बरे झाल्यावर तपासणी करावी.

त्यानंतर लोह कुठे जाते, ते शोधावे. या गृहिणीला पाळीत गाठी पडत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. पुरुषांत आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांत आतड्यातून रक्त जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय थांबू नये.

फेरिटिन ६ असताना केवळ आहाराने साठा भरत नाही, गोळी लागतेच. डॉक्टरांनी दिलेली गोळी चहा-दुधासोबत घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. शौचास काळे होणे अपेक्षित असते. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवे. न वाढल्यास गोळी नियमित घेतली जाते का आणि रक्तस्राव चालू आहे का, हे तपासावे. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठ्यासाठी गोळी सुमारे तीन महिने चालू ठेवतात.

आहारात सर्वांत उपयोगी बदल म्हणजे डबा खाल्ल्याबरोबर घेतला जाणारा कटिंग चहा तासभर पुढे ढकलणे, कारण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर किंवा लाल माठाच्या भाजीवर लिंबू पिळावे; मांसाहारी असल्यास मटण घ्यावे, कारण त्यातील लोह अधिक सहज शोषले जाते. पालकावर फार विसंबू नये, त्यातील लोह अंगी फारसे लागत नाही.

हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणून पूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात. तीन महिन्यांनंतरही बुडाकडून येणारे नवे नख खोलगटच असेल, तर फेरिटिन पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावे.