तंदुरी चिकनचे मॅक्रो घरी कसे काढायचे: मॅरिनेड किती धरायचं, गळलेली चरबी किती वजा करायची

सगळ्यात आधी एक गोष्ट. भाजलेल्या चिकनचं वजन करून ॲपमध्ये कच्च्या चिकनची एंट्री टाकू नका. भाजताना पाणी उडतं, प्रोटीन उडत नाही, त्यामुळे तसं केलं की प्रोटीन सरळ कमी दिसतं. हिशोब कच्च्या वजनापासूनच सुरू करायचा.

मी दुकानातून विदाउट स्किन लेग पीस आणते, तंदुरीला तसेच लागतात, मग एंट्रीही विदाउट स्किनचीच घ्यायची, कारण स्किनवालं चिकन धरलं तर फॅट भलतंच वाढतं. समजा हाडासकट १ किलो आणलं. हाडं खाऊन झाल्यावर वजन करा, साधारण २५० ग्रॅम भरली तर मांस ७५० ग्रॅम. त्यात प्रोटीन अंदाजे १४६ ग्रॅम, फॅट ३० ग्रॅम. हाडंही भाजताना थोडी हलकी होतात, पण तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

आता मॅरिनेड, आणि खरं डोकं इथेच लावावं लागतं. "मॅरिनेड सगळं गळून जातं, धरू नका" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका आणि "सगळं धरा" म्हणणाऱ्यांचंही नाही. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. मग त्यात जे जाईल ते एकेक मोजून टाका: ४०० ग्रॅम दही टांगून झालेला २०० ग्रॅम चक्का, ३० ग्रॅम मोहरीचं तेल, आलं-लसूण पेस्ट, मसाले, लिंबू, मिळून २८० ग्रॅमच्या आसपास. मसाल्यासकट ह्या सगळ्यात प्रोटीन १२, कार्ब १८, फॅट ४२ ग्रॅम. पीस सळईला लावताना जास्तीचं मॅरिनेड पातेल्यातच निथळू द्या आणि शेवटी पातेलं परत वजनकाट्यावर ठेवा. माझ्याकडे ११० ग्रॅम उरलं, म्हणजे १७० ग्रॅम, साधारण ६० टक्के, चिकनला लागलं. तर ६० टक्के धरायचं: प्रोटीन ७, कार्ब ११, फॅट २५.

फक्त एक सांभाळा. मिठामुळे चिकनचं पाणी सुटतं आणि ते त्या उरलेल्या मॅरिनेडमध्ये मिसळतं, म्हणून उरलेलं वजन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि चिकनला लागलेलं कमी. उरलेलं पातळ, पाणचट दिसत असेल तर टक्केवारी थोडी वर धरा. चक्का न करता साधं दही वापरलं तर हा गोंधळ फारच वाढतो, म्हणून दही टांगाच.

वरून बटर लावताना वाटीचं वजन आधी आणि नंतर. २० ग्रॅम बटर गेलं, म्हणजे फॅट १६.

मग गळलेली चरबी. ओव्हनमध्ये जाळीखाली ट्रे ठेवा, त्याचं रिकामं वजन नको, त्यात जमलेलं सगळं अरुंद ग्लासात ओता आणि फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी वरचा पिवळा थर वेगळा दिसतो, चिकनची चरबी थोडी घट्ट आणि मोहरीचं तेल पातळ, दोन्ही चमच्याने काढून वजन करा. खालचं जेलीसारखं असतं ते मुख्यतः पाणी, ते चरबीत मोजू नका. ट्रेमधल्या ९० ग्रॅममधून मला चरबी निघाली जेमतेम १४ ग्रॅम! लोक ट्रेमधलं सगळंच फॅट समजून वजा करतात, आणि मग दिवसभराचा आकडा छान कमी दिसतो पण खोटा.

म्हणजे फॅट ३० अधिक २५ अधिक १६, वजा १४, असे ५७ ग्रॅम. प्रोटीन १५३, कार्ब ११. कॅलरी साधारण ११७०. भाजून हाडाशिवाय ६०० ग्रॅम भरलं, तर १०० ग्रॅमला प्रोटीन साडेपंचवीस, फॅट साडेनऊ, कॅलरी १९५. आपल्या ताटातला वाटा ह्याच आकड्याने काढायचा, ताटातलं वजन मात्र हाडं काढूनच.

कोळशावर भाजत असाल तर गळलेलं निखाऱ्यात जातं, मोजता येत नाही, तिथे काहीच वजा करू नका. विदाउट स्किन चिकनमधून मुळात फार चरबी गळत नाही, त्यामुळे आकडा थोडा जास्त येतो एवढंच.

पनीर टिक्का सोपा आहे. पाकिटावरचे आकडे गुणिले कच्चं वजन, अधिक चिकटलेलं मॅरिनेड. पनीरचं फॅट बहुतेक आतच राहतं, म्हणून वजाबाकी नाही. मॅरिनेडमध्ये बेसन घातलं असेल तर तेही मोजून टाका, ३० ग्रॅमला ११५ कॅलरीच्या आसपास जातात आणि ते पनीरला चांगलंच धरून बसतं.