घरपट्टीची नोटीस हातात आली? या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तोच कागद लागतो. घंटागाडीच्या भोंग्यावरूनही तेच ऐकू येतं, आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच कागदाचा तिरपा फोटो फिरतो. 30 सप्टेंबरच्या आत घरपट्टी भरली तर 5 टक्के सूट, 31 मार्च उलटला तर राहिलेल्या रकमेवर 5 टक्के दंड. एवढा सरळ मजकूर असूनही लोक दरवर्षी त्याच जागी फसतात. बरीच वर्षं मी आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर लोकांना हे कागद वाचून देतो, त्यांचे अर्ज लिहून देतो. म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोटीस पूर्ण न वाचता "पाच टक्के सूट" एवढेच शब्द डोक्यात घेऊन पैसे न्यायचे. सूट फक्त चालू वर्षाच्या मागणीवर असते. मागच्या थकबाकीवर ती मिळत नाही. आणि मागचं बाकी असेल तर तुम्ही दिलेले पैसे आधी त्या बाकीत जमा होतात. टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं होतात ती इथेच.

एक उदाहरण बघा. दिवाबत्ती, आरोग्य, पाणी हे कर तूर्त बाजूला ठेवू, नुसती घरपट्टी घेऊ. एका घराची वर्षाची घरपट्टी 1,200 रुपये. मागच्या वर्षीची भरलेली नाही. म्हणजे मागचे 1,200 आणि त्यावरचा दंड 60, असे 1,260 रुपये बाकी. घरमालक 28 सप्टेंबरला येतो. त्याच्या हिशेबानं 1,200 मधून सुटीचे 60 वजा केले की 1,140 भरले की झालं. तरी खिशात पूर्ण 1,200 असतात, तेवढे तो देतो आणि निघून जातो. पावतीवर ते सगळे 1,200 "मागील" या रकान्यात लिहिले जातात. मागचे 60 रुपये अजून बाकीच राहतात, चालू वर्षाचे 1,200 जसेच्या तसे उभे राहतात आणि सूट हातची जाते. मार्च उलटला की त्या चालू 1,200 वर आणखी 60 दंड बसतो. त्यानं त्या दिवशी 1,260 आणि 1,140 मिळून 2,400 रुपये आणले असते, तर तो पूर्ण मोकळा झाला असता. मार्चनंतर त्याच दोन वर्षांचे त्याला किमान 2,520 मोजावे लागतील.

कुणी म्हणेल, 120 रुपयांसाठी एवढं काय. मुद्दा 120 रुपयांचा नाही. हा माणूस दरवर्षी 1,200 रुपये भरतो, दरवर्षी पावती घेतो आणि तरीही दरवर्षी एक वर्ष मागेच असतो. त्याला वाटतं आपण नियमित भरतोय. नोटीस आली की तो चिडतो, "भरली की म्या पट्टी, ही बघा पावती!" पावती खरी असते, फक्त ती मागच्या वर्षाची असते.

माझी सवय अशी आहे की पैसे काढायच्या आधी नमुना 9 दाखवायला सांगायचा. ही कर मागणीची नोंदवही. तुमच्या मालमत्ता क्रमांकासमोर मागील किती, चालू किती, एकूण किती हे त्यात दिसतं. मग पैसे द्यायचे आणि नमुना 10 ची पावती तिथेच उभ्यानं वाचायची: मालमत्ता क्रमांक बरोबर आहे का, रक्कम कोणत्या रकान्यात पडली, सूट वजा झाली का. पावती घडी करून खिशात घालून घरी गेल्यावर वाचणाऱ्यांची कामं मी दुरुस्त करून दिली आहेत, पण त्यात दिवस जातात. शिपायाच्या किंवा सदस्याच्या हातात बाजारच्या दिवशी पैसे देऊन "चढवून घ्या" म्हणणं तर पूर्ण बंद करा. नमुना 10 हातात नाही म्हणजे पैसे भरलेले नाहीत, असंच धरून चला.

क्यूआर कोडवरून भरणाऱ्यांसाठीही हेच. पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात जातात, पण ते कोणत्या घराचे हे बँकेला कळत नाही. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक आणि तुमचा मालमत्ता क्रमांक क्लार्कला कळवा आणि पावती काढून घ्या. मोबाइलवरचं हिरवं चिन्ह म्हणजे पावती नव्हे.

दुसरी चूक जास्त महाग पडते आणि ती हुशार समजली जाणारी माणसं करतात. त्यांना वाटतं घरपट्टीला दोनच तारखा आहेत: सप्टेंबरात भरली तर सूट, मार्चपर्यंत भरली तर दंड नाही. घरमालक म्हणून हे बरोबर आहे. पण तुम्ही ग्रामपंचायतीचे सदस्य किंवा सरपंच असाल तर तिसरी मुदत लागू होते, आणि ती फळ्यावरच्या नोटिशीत लिहिलेली नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे कराचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर सदस्य अपात्र ठरतो.

आमच्या भागातल्या एका गावात हे घडलेलं मी जवळून पाहिलं. नव्यानं निवडून आलेला सदस्य, कामाचा माणूस. जुलैत बिल आलं. घरी मुलगा होता, त्यानं पोचवर सही केली आणि बिल दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवलं. सदस्याला बिलाची माहिती होती, पण त्याचा हिशेब साधा होता. सोयाबीन निघाल्यावर दिवाळीनंतर भरू, मार्चला अजून वेळ आहे. जानेवारीत त्यानं सगळी रक्कम भरली. एक पैसा दंड लागला नाही. विरोधी गटातल्या एकानं माहितीच्या अधिकारात नमुना 9, बिलाची पोच आणि पावतीची नक्कल मागवली. पोच जुलैची आणि पावती जानेवारीची. एवढ्या दोन कागदांवर जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण गेलं. सदस्य सुनावणीत पावती दाखवून सांगत राहिला की माझ्याकडे काहीच बाकी नाही. बाकी नव्हतीच. पण प्रश्न तीन महिन्यांचा होता, आणि ते ऑक्टोबरातच संपले होते. पद गेलं.

उमेदवाराची गोष्ट वेगळी आहे. अर्ज भरण्याच्या दिवसाआधी त्यानं देणं चुकतं केलं तर तो अपात्र धरला जात नाही. म्हणूनच निवडणूक लागली की ग्रामपंचायतीत बेबाकी दाखल्यासाठी रांग लागते. आणि रांगेत उभं राहून निवडून आलेली तीच माणसं पुढच्या वर्षी बिल कपाटावर ठेवतात. अविभक्त कुटुंब असेल तर आणखी जपायला हवं, कारण कुटुंबातल्या एकानं कर थकवला तरी अडचण सगळ्यांना येऊ शकते. सदस्य झालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: बिल मिळालं की त्यावर मिळाल्याची तारीख स्वतःच्या हातानं लिहा आणि त्याच आठवड्यात भरा. "बिल मिळालंच नाही" या बचावावर विसंबू नका. पोचवर घरातल्या कुणाची तरी सही निघते.

आता तारखांची आपल्याकडची अडचण. 30 सप्टेंबरला सोयाबीन शेतातच असतं, पैसा ऑक्टोबरात हाती येतो. ज्यांचा मूग-उडीद निघतो त्यांनी त्याच्या विक्रीच्या पैशातून घरपट्टीची रक्कम बाजूला काढावी. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांची घरं वर्षभर बंद असतात, पण महालक्ष्म्यांना बहुतेक जण गावी येतात. त्याच फेरीत ग्रामपंचायतीत जाऊन या. बीड, जालन्याकडच्या ऊसतोड कुटुंबांचं सगळ्यात अवघड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास फड गाठायचा आणि गाळप संपून पट्टा पडेपर्यंत परत यायचं नाही, म्हणजे मार्चअखेरीला ती गावात असतीलच असं नाही. त्यांना मी सांगतो, उचल हातात आली की गाव सोडायच्या आधी घरपट्टी भरा आणि पावती घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे ठेवा.

रकमेबद्दल तक्रार असेल तर वसुलीच्या टेबलावर ओरडून काही होत नाही. 2015 च्या डिसेंबरात नियम बदलले, तेव्हापासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जागेचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, त्याचं वय आणि वापर यावर रक्कम ठरते. त्यामुळे आधी नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा उतारा, काढून बघा. जुनं माळवद पावसात पडलं, तिथं पत्र्याचं शेड उभं केलं, तरी नोंदीत माळवद तसंच आणि वर शेड वेगळं, असे प्रकार मी बघितले आहेत. अशा वेळी फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. तोवर कर भरायचं थांबवू नका, नाहीतर चूक दुरुस्त होईल पण दंड तुमच्याच डोक्यावर राहील.

बाप वारला, नोंद त्याच्याच नावावर, आणि दोन भावांपैकी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं भरली. वारस नोंदीचा अर्ज द्या आणि तोपर्यंत कोण भरणार हे तोंडी न ठेवता ठरवा.

नमुना 8 वर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं समजून जागेचे व्यवहार करू नका. ती नोंद कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते.

माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवा पत्नींना एका घराच्या करात माफी आहे, पण अर्ज केल्याशिवाय ती लागत नाही.

"सरकार माफ करणार आहे" म्हणून वाट पाहणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. 2025 मध्ये समृद्ध पंचायतराज अभियानात जुन्या थकबाकीवर निम्मी सवलत देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली होती, हे खरं. पण ती मिळवायला चालू वर्षाचा कर आणि उरलेली निम्मी बाकी एकरकमी भरायची होती. वाट बघत बसलेल्यांकडे नेमके तेव्हाच एवढे पैसे नव्हते. आणि बिलानंतर मागणी लेख म्हणजे पैसे भरण्याची लेखी ताकीद, मागणी लेखानंतर कलम 129 खाली घरातल्या वस्तूंची जप्ती, हा क्रम माफीच्या अफवेनं थांबत नाही. मागणी लेख हातात पडला असेल तर त्या दिवशी जमेल तेवढी रक्कम भरून पावती घ्या, आणि उरलेल्यासाठी मासिक सभेपुढे हप्त्यांचा लेखी अर्ज द्या.