गुंतवणूकदाराने नाही म्हटल्यावर लिहायचं पत्र: या चुका टाळा

मागच्या दिवाळीनंतर राळेगाव तालुक्यातल्या एका तरुणाने मला एक पत्र वाचायला पाठवलं. "भाऊ, हे मॅडमला पाठवू का?" तो कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या झाडांच्या पऱ्हाटीपासून ब्रिकेट बनवतो, म्हणजे बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जाळायच्या दाबलेल्या कांड्या. पुण्याच्या एका गुंतवणूकदार मॅडमकडे त्याने 80 लाख मागितले होते. दोन बैठका झाल्या आणि मग दोन ओळींची मेल आली: काम आवडलं, पण आमच्यासाठी आत्ता थोडं लवकर आहे, संपर्कात राहू.

त्याच्या पत्राची पहिली ओळ आभाराची होती. दुसऱ्या ओळीपासून मॅडम कुठे चुकल्या ते सुरू झालं. बाजार किती मोठा आहे ते तुम्ही नीट बघितलं नाही, आमची ऑर्डर तुमच्या लक्षात आली नाही, आणि शेवटी, शेतकऱ्याच्या पोराला कुणीच हात देत नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आभाराच्या पाकिटात घातलेलं भांडण. ते ओळखायची सोपी खूण आहे. पत्रातल्या "पण" आणि "तरीसुद्धा" या शब्दांखाली रेघ मारा. दोनपेक्षा जास्त रेघा पडल्या तर ते पत्र अभिप्राय मागत नाही, निकाल फिरवायला बघतं. समोरच्याने कारण लिहून दिलं की उलट पत्र येतं, हा गुंतवणूकदारांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणूनच ते "थोडं लवकर आहे" अशी कुणालाही लागू पडेल अशी ओळ लिहितात. त्या ओळीमागचं खरं कारण हवं असेल, तर आपण वाद घालणार नाही याची खात्री त्यांना पत्रातूनच पटली पाहिजे.

शेतकऱ्याच्या पोराची ओळ मी आधी खोडली. आपल्याकडचं दुःख खरं आहे, पण ते या पत्रात आलं की वाचणाऱ्याला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटणारा माणूस पुढचा फोन उचलत नाही.

दुसरी चूक प्रश्नाची. त्याने लिहिलं होतं, "आमच्यात काय सुधारणा हवी ते कळवावे." याला मोघमच उत्तर येतं, कारण नीट उत्तर द्यायचं तर समोरच्याला अर्धा तास बसावं लागेल. प्रश्न असा हवा की दोन ओळींत उत्तर देता येईल, आणि त्यात आपला अंदाज आधीच मांडलेला हवा. अंदाज चुकलेला असला तरी चालतो. कोऱ्या कागदावर लिहायला माणूस कंटाळतो, पण समोरचं चुकीचं वाक्य दुरुस्त करायला लगेच तयार होतो. अंदाजांमध्ये स्वतःला झोंबणारा एक तरी असू द्या. तो तुम्हीच लिहिला की मॅडमना तो तोंडावर सांगायचा संकोच उरत नाही.

मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं, का नाही म्हणाल्या?"

"त्यायले गावातला धंदाच नोको होता, भाऊ."

हाच अंदाज सभ्य भाषेत लिहू म्हटलं. नकाराच्या तिसऱ्या दिवशी, त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून हे गेलं. त्याच मेलखाली गेल्यामुळे मागचं सादरीकरण शोधायला मॅडमना कुठे जावं लागलं नाही:

"मॅडम, नमस्कार. दोन्ही बैठकांना वेळ दिलात आणि स्पष्ट कळवलंत, आभारी आहे. निर्णय बदलावा म्हणून हे लिहीत नाही. पुढच्या हंगामाआधी एक गोष्ट समजून घ्यायची आहे. माझे अंदाज तीन: कारखाना गावात आहे म्हणून माणसं मिळणार नाहीत असं वाटलं, किंवा पैशाची मागणी चुकीच्या कामासाठी होती, किंवा मी हे एकटा पेलू शकेन असं वाटलं नाही. यातलं कोणतं खऱ्याच्या जवळ आहे? लिहिणं अवघड वाटत असेल तर दहा मिनिटं फोनवर बोललात तरी चालेल. पऱ्हाटीची खरेदी मार्चअखेर संपते. जूनमध्ये, चांगले असोत वा वाईट, आकडे कळवीन."

फोनचा पर्याय मुद्दाम दिला होता. जी गोष्ट लिहून द्यायला नकोशी वाटते, ती माणसं बोलताना सांगतात. चौथ्या दिवशी फोन आला, आणि गावाचा विषय त्यात निघालाच नाही. 80 पैकी 55 लाख कच्चा माल घेण्यासाठी होते, अडचण तिथे होती.

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. पऱ्हाटी बाराही महिने मिळत नाही. फरदड, म्हणजे पाणी देऊन त्याच झाडांचा पुढचा बहार, न घेता कापूस संपला की शेतकरी पऱ्हाटी उपटतो, नाहीतर बोंडअळीला आसरा मिळतो. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळातच वर्षभराचा माल घ्यायचा, वाळवायचा आणि पावसाआधी झाकायचा. त्या मालात अडकलेला पैसा विक्रीतून वर्षभरात परत येतो. मॅडमचं म्हणणं होतं की दरवर्षी फिरून येणाऱ्या पैशासाठी कंपनीतला कायमचा हिस्सा विकू नकोस. तशा पैशासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा असते, लागेल तसं उचलायचं आणि विक्री झाली की भरायचं. हिस्सा विकायचाच तर मशीन आणि माणसांसाठी विक. "गावातला धंदा नको" असं मानून तो बसला असता, तर पुढच्या पाच ठिकाणी हेच सादरीकरण घेऊन फिरला असता.

तरी एका माणसाच्या मताने सगळं बदलू नका. हे मत हिशेबाने ताडून बघता येत होतं म्हणून आम्ही ते लगेच घेतलं. "तुझ्यात नेतृत्व दिसत नाही" यासारखं मत मात्र आणखी दोघांकडून येईपर्यंत वहीत राहू द्यावं.

फोन ठेवता ठेवता तो तिसरी चूक करणारच होता: "मॅडम, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर..." स्वतः पैसे न घातलेल्या माणसाने तुमची ओळख करून दिली, की पुढचा गुंतवणूकदार त्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, मग तुम्ही का नाही घातले? ती ओळख तुमच्या विरुद्धच जाते. त्यांनी आपणहून दिली तर घ्या, मागू नका.

उत्तर आलंच नाही तर? आठ-दहा दिवसांनी एक छोटी आठवण, तीही मेलवरच. व्हॉट्सॲपवर रोजचं "सुप्रभात" नको. आठवणीलाही उत्तर नसेल तर तो विषय तिथे सोडा. पण जूनचं पत्र ठरल्याप्रमाणे जाऊ द्या.

संबंध टिकतो तो या जूनच्या पत्राने. इथली चूक म्हणजे फक्त बक्षिसं आणि फोटो पाठवणं. त्याच्या पत्रात पाच ओळी होत्या. त्यातली एक अशी: "एप्रिलच्या अवकाळीत एक गंजी भिजली, ओलावा 12 टक्क्यांच्या खाली येईना, कांड्या फुटू लागल्या, तो माल विकता आला नाही." पुढच्या ओळीत, बँकेने मागितलेल्या मर्यादेपैकी अर्धीच मंजूर केली हेही लिहिलं. पैशाची मागणी पत्रात कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: सगळ्या गंज्या झाकायला ताडपत्रीचा खर्च किती येईल? त्याने संध्याकाळपर्यंत यवतमाळच्या दोन दुकानांतून भाव घेतले आणि आकडा कळवला.