न्यूजलेटरची पहिली ओळ: ‘आशा आहे, आपण मजेत असाल’च्या जागी काय?

ही ओळ वाईट नाही, पण ती कुणीही कुणालाही लिहू शकतं. म्हणून पाठवण्याआधी तीच ओळ मागच्या अंकावर चिकटवून बघा. तिथेही चपखल बसली, तर ती साचाच.

आपुलकी येते ती वाचकाकडूनच आलेल्या एखाद्या तपशिलातून. समजा, न्यूजलेटर कुंड्यांतल्या झाडांवर आहे आणि मागच्या अंकाला आलेल्या उत्तरांत बऱ्याच जणांनी पानं पिवळी पडल्याची तक्रार केली. मग सुरुवात अशी करता येईल: ‘नमस्कार, पिवळ्या पानांचे तुमचे फोटो बघितले. बहुतेक कुंड्यांत पाणी जास्त झालंय, झाडं वाचतील.’ इथे वाचकाची दखल आहे, दिलासा आहे आणि विषयही सुरू झाला. मात्र कुणी खाजगीत लिहिलेलं नावानिशी छापायचं असेल, तर आधी विचारा. उत्तरंच आली नसतील, तर मागच्या अंकात अर्धवट राहिलेला प्रश्न उचला. हवामानावर शेवटी या. वाचक वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

वेगळा प्रीव्ह्यू मजकूर दिला नसेल, तर इनबॉक्समध्ये विषयाशेजारी बहुधा हीच ओळ दिसते आणि मोबाइलवर ती लवकर तुटते. त्यामुळे ‘पिवळी पानं’ पहिल्या चार-पाच शब्दांत आणा. नाव आपोआप भरणार असाल, तर नाव नसलेल्यांसाठी पर्यायी शब्द ठेवा आणि स्वतःला एक चाचणी मेल पाठवा. ‘प्रिय ,’ असं रिकामं संबोधन दिसलं, की पुढची आपुलकी कुणाला खरी वाटत नाही.